चंदन-वंदनच्या मधलं झाड बाजूला सरकवताना

सातारा सोडून पुण्याच्या दिशेनं निघालं की हायवेच्या पूर्वेला चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले दिसतात. दोन्हीची माथी सपाट, आणि दोघांच्या मधी एक खिंड. ती खिंड दिसली तरच ते दोन गड वाटतात, नाहीतर लांबनं एकच लांबडा डोंगर आहे असं वाटतं. मी ज्या फोटोबद्दल सांगतोय त्यात नेमकं हेच झालेलं. किकलीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या एका रानातून ऑक्टोबरात संध्याकाळी काढलेला फोटो, सोयाबीन निघून रान नांगरून टाकलेलं, ऊन माझ्या पाठीमागून गडांवर सरळ पडलेलं, सगळं झकास, पण बांधावरची बाभूळ फ्रेमच्या बरोब्बर मधी आणि खिंडीच्या बरोब्बर पुढं. डावीकडं एक गड, उजवीकडं एक गड, मधी झाड, आणि पार उजव्या कडेला विहिरीवरच्या मोटारीची पत्र्याची खोली. बघणाऱ्याची नजर झाडावर जाऊन तिथंच अडकत होती.

हा फोटो ज्यांच्या रानातून काढला त्या बापूंना नवीन घराच्या हॉलसाठी प्रिंट पाहिजे होती, ३६ इंच बाय १८ इंच, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर. त्यांची एकच अट, "दोन्ही गड दिसले पायजेत, आन् झाड बी पायजे." म्हणजे झाड पुसायचं नाही, सरकवायचं. फोटोशॉपमध्ये याला दोन हत्यारं आहेत, Content-Aware Move आणि Content-Aware Scale. बरेच जण यातलं पहिलंच वापरतात, झाडाभोवती लॅसो मारला, ओढलं, सोडलं, आणि वाकडं दिसलं की टूल बेकार म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं आहे की आधी स्केलनं झाडासाठी जागा तयार करायची, मग मूव्हनं झाड न्यायचं, आणि झाडामागं जे खरंखुरं होतं ते टूलला बनवू द्यायचं नाही, ते आपण आणून द्यायचं. तिन्ही गोष्टी या एका फोटोत करायला लागल्या म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जागेचा हिशोब. मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल. प्रिंट दोनास एक या मापाची, म्हणजे नुसता क्रॉप केला तर ६००० बाय ३००० मिळतो. पण झाड नेऊन ठेवायचं कुठं? उजवा गड जिथं उतरून संपतो तिथपासून मोटारीच्या खोलीपर्यंत मोकळी जागा होती साधारण १२०० पिक्सेल, आणि बाभळीचा घेर ९०० चा. तिथं झाड ठेवलं असतं तर एका बाजूला गडाला चिकटलं असतं आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला. म्हणून रुंदी ६६०० करायचं ठरवलं आणि उंची ३३००. वाढवलेले ६०० सगळे त्या मोकळ्या जागेत पडले तर ती १८०० ची होते, झाड ऐसपैस उभं राहतं. ३६ इंचाला ६६०० पिक्सेल म्हणजे इंचाला १८३ पडतात, भिंतीवरच्या प्रिंटला तेवढे भरपूर झाले, कोण नाक लावून बघत नाही.

आता स्केल कसं काम करतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निम्मे घोटाळे आधीच दिसतात. २००७ साली शाय अविदान आणि एरिएल शमीर या दोघांनी ही पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी २००८ ला ती फोटोशॉप सीएस४ मध्ये आली. साधं ताणलं तर सगळंच फुगतं, गड बी रुंद, झाड बी जाड, खोली बी लांब. ही पद्धत तसं करत नाही. ती फोटोच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक पिक्सेल रुंदीची वाट शोधते, डोंगरात पायवाट जशी चढ टाळत टाळत जाते तशी ही वाट जिथं बारकावा कमी आहे तिथनं जाते, मोकळं आकाश, सपाट रान, धुरकट लांबचा भाग. फोटो अरुंद करायचा असेल तर अशा वाटा काढून टाकते, रुंद करायचा असेल तर अशाच वाटांच्या शेजारी तसेच पिक्सेल नव्यानं भरते. म्हणजे रुंदी वाढते पण ती रिकाम्या जागेतच वाढते. निदान वाढावी अशी अपेक्षा. कारण सॉफ्टवेअरला गड म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला फक्त बारकावा कमी का जास्त एवढंच कळतं. उन्हात न्हालेला वंदनचा सपाट माथा त्याला आकाशाइतकाच साधा वाटू शकतो आणि तो खुशाल गडच ताणतो. इकडच्या माणसाला गडाचा आकार पाठ असतो, एवढासा ताणला तरी काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं, काय चुकतंय ते भले सांगता येत नसेल.

म्हणून राखण करायची. लॅसोनं दोन्ही गड आणि मधलं झाड असा सगळा पट्टा एकत्र सिलेक्ट केला, अगदी तंतोतंत नाही, थोडं सोडून. शिफ्ट धरून मोटारीची खोलीही त्यात घेतली. मग डावीकडची मोकळी जागाही घेतली, कारण मला वाढ फक्त उजवीकडं पाहिजे होती. डावी बाजू उघडी ठेवली असती तर सॉफ्टवेअरनं तिकडं पण जागा वाढवली असती आणि गड पुन्हा मधी सरकले असते. झाड ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला जागा वाढवायची, म्हणजे गड आपोआप डावीकडं जातात आणि उजवीकडं झाडासाठी वजनाची जागा होते, मूव्हला हात लावायच्या आधीच निम्मी कॉम्पोझिशन बसते. मग Select > Save Selection करून त्या सिलेक्शनला नाव दिलं. हे चॅनलमध्ये जाऊन बसतं, पांढरं असेल तेवढं राखलं जातं, काळं असेल ते मोकळं.

लेयर लॉक असेल तर आधी अनलॉक करा, बॅकग्राउंड लेयरवर हे थेट चालत नाही, स्मार्ट ऑब्जेक्टवरही नाही. मी मूळ लेयरची कॉपी करून कॉपीवर काम केलं. आधी Image > Canvas Size मध्ये रुंदी ६६०० केली, अँकर डावीकडचा, म्हणजे नवी जागा उजवीकडं उघडते. मग Edit > Content-Aware Scale, वरच्या पट्टीत Protect मध्ये ते सेव्ह केलेलं नाव निवडलं, Amount १०० टक्के. शेजारी माणसाचं चित्र असलेलं बटण असतं, ते कातडीचा रंग ओळखून राखतं, ते बंद ठेवलं, कारण नांगरलेली माती उन्हात तांबूस दिसत होती आणि मला माती मोकळीच पाहिजे होती. रुंदी-उंचीमधली साखळी सुटी आहे ना ते बघून उजवा हँडल ओढला.

एकदम ६०० ओढायचे नाहीत. मी २००-२०० करून ओढले, दर वेळी एंटर मारून पुन्हा नव्यानं स्केल घेतलं. एकदम ओढलं की त्याच त्या वाटांच्या शेजारी भरणा होतो आणि आकाशात उभे पट्टे दिसायला लागतात, थोडं थोडं केलं की दर वेळी वाटा नव्यानं शोधल्या जातात आणि वाढ पसरते. पण यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, लेयर ताणला तरी सेव्ह केलेलं चॅनल जागचं हलत नाही. पहिल्या २०० नंतर मोटारीची खोली २०० पिक्सेल उजवीकडं गेलेली असते आणि तिची राखण मात्र जुन्याच जागी, मोकळ्या जागेवर बसलेली. तशीच दुसरी फेरी केली तर खोलीची भिंत ताणली जाते, पत्र्याच्या नळ्या एकीकडं जाड एकीकडं बारीक होतात. दर फेरीनंतर खोलीपुरतं चॅनल काळं करून नव्या जागी पांढरं करायचं. गडांचं आणि झाडाचं काही करायला लागत नाही, ते अँकरच्या बाजूला असल्यामुळं जागचे हललेलेच नसतात.

जागा झाली. आकाश एकदम साफ आलं. रान मात्र तेवढं साफ नाही, नांगराच्या तासांच्या रेघा तिरक्या येत होत्या आणि जिथं भरणा झाला तिथं त्या रेघांना बारीक पायऱ्या पडल्या. तिरकी सरळ रेघ ही या पद्धतीची दुखरी जागा आहे, ती कुठंही असली तरी पहिल्यांदा तिथं बघायचं, १०० टक्के झूम करून. मी ते लगेच दुरुस्त करत बसलो नाही, कारण त्यातला बराच भाग झाडाच्या बुंध्याखाली आणि सावलीखाली जाणार होता. जे उघडं राहिलं तेवढं शेवटी क्लोन स्टॅम्पनं तासाच्या दिशेनं ब्रश ओढून नीट केलं.

आता झाड. Content-Aware Move हे टूल सीएस६ पासून म्हणजे २०१२ पासून आहे, स्पॉट हीलिंग ब्रशच्याच घरात दडलेलं असतं, माऊस दाबून धरला की दिसतं. टूल उचलायच्या आधी वर एक नवीन रिकामा लेयर घेतला आणि पट्टीत Sample All Layers ला टिक केलं. ही टिक नसेल तर रिकाम्या लेयरवर त्याला सरकवायला काही सापडत नाही, आणि रिकामा लेयरच घेतला नाही तर सगळं थेट फोटोवर छापलं जातं, मग अर्धं चांगलं अर्धं वाईट आलं तर वेगळं करता येत नाही. आणि ते अर्धं-अर्धंच येतं. कारण हे टूल एका झटक्यात दोन कामं करतं, नव्या जागी झाड मिसळवतं आणि जुन्या जागचं भोक बुजवतं, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी चांगली होणं अवघडच.

सिलेक्शन दोन हातांनी केल्यासारखं करायला लागतं. बाभळीचा शेंडा विरळ, पानं बारीक, पानापानातनं आकाश दिसतं, तिथं घट्ट सिलेक्शन करायला गेलात तर पानं तुटतात. म्हणून आकाशात जेवढा भाग आहे तिथं सैल, चांगलं बोटभर आकाश सोबत घेऊन. पण गडाच्या रेघेच्या खाली, जिथं झाडामागं डोंगर आहे, तिथं बुंध्याला आणि फांद्यांना जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, कारण तिथं सैल घेतलं की झाडाबरोबर डोंगराचा तुकडाही प्रवासाला निघतो. आणि सावली विसरायची नाही. ऊन माझ्या पाठीमागून होतं, त्यामुळं सावली झाडाच्या मागं जरा डावीकडं पडलेली, रानावर गडद पट्टा. ती पण सिलेक्शनमध्ये. झाड गेलं आणि सावली जुन्या जागी राहिली असे फोटो मी छापायला आलेले बघितलेत.

मग शिफ्ट धरून आडवं ओढलं, म्हणजे वर-खाली होत नाही. इथं Transform on Drop ला टिक ठेवली, सोडल्यावर माप बदलता यावं म्हणून. मला ते लागणारच होतं. बांध उजवीकडं जाताना माझ्या दिशेनं थोडा जवळ येत होता, म्हणजे फोटोत थोडा खाली. झाड नुसतं आडवं नेलं तर बुंधा बांधाच्या ३० पिक्सेल वर हवेत राहत होता. तो खाली घेतला. पण खाली घेतलं म्हणजे झाड कॅमेऱ्याच्या जवळ आलं, आणि जवळ आलं म्हणजे ते मोठं दिसायला पाहिजे. किती मोठं? सपाट रानात याचा सोपा हिशोब आहे. आपल्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ फोटोत कुठं येते ते बघायचं, माझ्या फोटोत ती डोंगराच्या पायथ्याच्या आसपास होती. त्या रेघेपासून झाडाचा बुंधा आधी ६०० पिक्सेल खाली होता, आता ६३०. सहाशेचे सहाशेतीस, म्हणजे ५ टक्के वाढ. झाड १०५ टक्के केलं. हे पाच टक्के नाही केले तर कोण बोट ठेवून दाखवणार नाही, पण झाड तिथलं वाटत नाही, चिकटवल्यासारखं वाटतं, आणि मग माणूस कारण शोधत रंग बदलत बसतो.

एंटर मारल्यावर सिलेक्शन सोडायचं नाही. ते चालू असेपर्यंत Structure आणि Color चे आकडे बदलून बघता येतात, दर वेळी तो नव्यानं जोडणी करून दाखवतो. Structure १ ते ७, जास्त ठेवला तर मूळ आकार जास्त काटेकोर जपतो. Color ० ते १०, जास्त ठेवला तर आजूबाजूच्या रंगात जास्त मिसळतो. मी Structure ५ वर आणि Color ३ वर थांबलो. Color वाढवत गेलो की पानांच्या टोकांवर आकाशाचा रंग चढून शेंडा दुधाळ व्हायचा.

नव्या जागी झाड खरोखर छान बसलं. जुन्या जागी मात्र खिंड नव्हती. टूलनं डाव्या गडाचा उतार थोडा पुढं ओढलेला, उजव्याचा माथा थोडा मागं, आणि मधी एक बुटकं टेकाड उभं केलेलं. रंग बरोबर, ऊन बरोबर, गवताचा पोत सुद्धा बरोबर, पुण्या-मुंबईच्या माणसाला दाखवलं असतं तर वा म्हणाला असता. बापूंचे वडील, अण्णा, दुकानात आलेले, त्यांनी स्क्रीनकडं बघितलं आणि चष्मा सारखा करत म्हणाले, "ह्ये तिसरं टेकाड कुठनं आलं रं? खिंड कुठं गेली?"

यात टूलचा दोष काढायला मी तयार नाही. झाडामागं काय आहे ते त्या फोटोत नाहीच, मग ते आणणार कुठनं. ते आजूबाजूचे तुकडे घेऊन जुळेल असं काहीतरी रचतं. आकाश, गवत, माती, पाणी, साधी भिंत असलं काही मागं असेल तर रचलेलं चालून जातं, कारण तिथं काहीही असलं तरी आपल्याला फरक पडत नाही. पण मागं एखादी ओळखीची वस्तू असेल, गड, देवळाचं शिखर, गावची वेस, तर तिथं रचलेलं चालत नाही, तिथं खरंच पाहिजे. ही प्रिंट ज्या घरात लागणार होती तिथली माणसं रोज दारातून ते गड बघतात.

खरं माझ्याकडं होतं. त्याच संध्याकाळी त्याच जागेवरून थोडी पावलं बाजूला सरकून काढलेली दुसरी फ्रेम होती. जवळची वस्तू थोडं सरकलं तरी खूप हलते आणि लांबचा डोंगर जवळपास जागेवरच राहतो, त्यामुळं त्या फ्रेममध्ये बाभूळ बाजूला गेलेली आणि खिंड पूर्ण उघडी. मग तीच फ्रेम का नाही वापरली, असं कोणी विचारेल. तिच्यात विजेचा खांब नेमका झाडाच्या शेंड्यात घुसलेला आणि मोटारीची खोली अर्धी कापलेली. फोटो म्हणून ती टाकाऊ होती, पण डोंगर तिच्यात अस्सल होता. तेव्हापासून माझी सवयच झालीय, झाड किंवा घर कशाच्या तरी पुढं आलंय असं दिसलं की आपली फ्रेम घेऊन झाल्यावर डावीकडं-उजवीकडं सरकून नुसती पाठीमागची बाजू उघडी करणारी एक-दोन फ्रेम घेऊन ठेवायची. लेन्सचं झूम मात्र हलवायचं नाही, नाहीतर डोंगराचं माप बदलतं.

ती दुसरी फ्रेम वर लेयर म्हणून आणली आणि लेयरचा मोड Difference केला. या मोडमध्ये दोन्ही लेयर जिथं सारखे असतील तिथं काळं दिसतं, म्हणून गडांची रेघ काळी होईस्तोवर ॲरोनं पिक्सेल पिक्सेल सरकवत गेलो, हातात कॅमेरा होता म्हणून किंचित तिरका होता, तेवढा फिरवला. गड स्केल करताना राखले होते त्याचा इथं फायदा झाला, ते ताणलेले असते तर दुसऱ्या फ्रेमशी जुळलेच नसते. जुळल्यावर मोड परत Normal, लेयरला काळा मास्क, आणि पांढऱ्या ब्रशनं फक्त खिंडीचा पट्टा उघडा केला, टेकाड गायब आणि खरी खिंड जागेवर. दुसरी फ्रेम थोड्या वेळानं काढलेली, तोवर ऊन जास्त तांबडं झालेलं, म्हणून त्या एका लेयरला बांधून कर्व्ह्ज लावले, तांबडा जरासा खाली ओढला. रान त्या फ्रेमचं घेता येत नव्हतं कारण जवळचं सगळं हललेलं, तिथं मूव्ह टूलनं भरलेलीच माती ठेवली, ती उत्तम होती. आकाशही त्याचंच. म्हणजे एका भोकात वरचा आणि खालचा भाग टूलचा, मधला भाग खरा. वेगळ्या लेयरवर काम केल्याशिवाय हे जमत नाही.

आता झाडाच्या नव्या जागेकडं पुन्हा एकदा. डोळ्यांना साफ दिसतं म्हणून साफ असतंच असं नाही, आणि प्रिंटमध्ये आकाशातले डाग स्क्रीनपेक्षा जास्त उठून दिसतात असा माझा अनुभव आहे. याला मी सगळ्यात वर एक कर्व्ह्ज लेयर टाकतो, रेघ एकदम उभी करून कॉन्ट्रास्ट वेडावाकडा वाढवतो, फक्त तपासायला. तसं केल्याबरोबर बाभळीभोवती फिकट आकाशाचा एक अंडाकृती डाग दिसला. झाड फ्रेमच्या मधनं आलेलं, तिथलं आकाश उजळ, आणि लेन्समुळं कडेचं आकाश जरा गडद, तो फरक Color ३ नं पूर्ण भरला नव्हता. शेंड्याचा भाग वेगळ्या लेयरवर घेऊन मोड Darken केला. या मोडमध्ये वरच्या आणि खालच्या पिक्सेलमधलं जे गडद ते दिसतं, म्हणजे पानं वरच्या लेयरची दिसतात आणि आकाश खालच्याचं, डाग जातो. उलटं असतं, म्हणजे झाड कडेकडून मधी आणायचं असतं, तर सोबत आलेलं आकाश जास्त गडद निघालं असतं आणि हा उपाय चालला नसता, तिथं मऊ ब्रशनं मास्क रंगवत बसायला लागतं.

खालच्या फांद्यांच्या जाळीतनं मात्र जुन्या डोंगराचे हिरवट-पिवळे तुकडे डोकावत होते, ते गडद असल्यामुळं Darken नं जात नाहीत. नव्या जागी झाडामागं लांबची धुरकट टेकडी आहे, तिथं ते तुकडे खटकत होते. बारीक क्लोन ब्रशनं एकेक फट भरली. याला शॉर्टकट मला सापडलेला नाही. घनदाट झाड असतं, आंबा किंवा चिंच, तर फटीच नसत्या आणि हे काम वाचलं असतं. विरळ झाडाला वेळ धरून चालायचा.

शेवटी फोटो आडवा उलटा करून बघितला. डावं उजवं झालं की आपल्या नजरेची सवय मोडते आणि एकसारखी ढेकळं, दोनदा आलेला झुडपाचा पुंजका असलं लगेच दिसतं. बांधावर एक गवताचा झुपका हुबेहूब दोन ठिकाणी आला होता, एक पुसला. मग पूर्ण प्रिंट टाकायच्या आधी झाड आणि खिंड येईल असा पट्टा त्याच कागदावर खऱ्या मापात काढून बघितला, आणि तो बापूंना उन्हात नेऊन दाखवला.

बापूंना तो पसंत पडला आणि लगेच पुढची मागणी आली, मोटारीची खोली पण जरा आत घ्या, कडेला लई लागलीय. करून बघितली. खोलीची पुढची भिंत आणि डाव्या बाजूची भिंत अशा दोन बाजू फोटोत दिसत होत्या. खोली फ्रेमच्या उजव्या टोकाला आहे म्हणून तिची डावी भिंत एवढी दिसते, ती मधाकडं आणली की ती भिंत कमी दिसायला पाहिजे, पत्र्याच्या कडेचा तिरकेपणाही बदलायला पाहिजे. मूव्ह टूल यातलं काही करत नाही, ते आहे तसं उचलून ठेवतं. झाडाला बाजू नसते म्हणून ते कुठंही नेलं तरी खपतं, चौकोनी बांधकामाला ठरलेल्या बाजू असतात, ते जास्तीत जास्त थोडंसं सरकतं. ५०-६० पिक्सेल सरकवलं तोवर ठीक होतं, पुढं नेलं की खोली रानाकडं पाठ करून वळल्यासारखी दिसायला लागली. बापूंना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, तेच म्हणाले, राहू द्या तिथंच. उजवी कड प्रिंटमध्ये थोडी गडद केली, तेवढ्यानं पत्र्याची चमक कमी झाली आणि नजर गडांकडनं झाडाकडं जायला लागली.